दप्तर किती जड असावे?
(मदतनीसांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या दवाखान्यातील सिस्टरांनी केलेले भाषण)



दरवर्षी जून महिन्यात आपण पाड्यावरच्या मुलांना दप्तरे वाटतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यासाठी पैसे दिले आहेत. आज त्या दप्तरांविषयीच बोलायचे आहे. थोडे आपल्याच चुकीविषयी बोलावे लागेल, म्हणून आधीच क्षमा मागते.

गेल्या पावसाळ्यात सहावीतल्या एका मुलीला तिची आई दवाखान्यात घेऊन आली. "सिस्टर, पोर रोज संध्याकाळी पाठ धरून बसते. खांद्यावर लाल वळ उठतात," आई म्हणाली. मुलगी अकरा वर्षांची, वजन २६ किलो. शाळा पाड्यापासून तासाभराच्या वाटेवर, त्यात एक चढण. दप्तर तिने सोबत आणले होते. ते आपणच दिलेले होते.

मी दप्तर काट्यावर ठेवले. सहा किलो दीडशे ग्रॅम भरले. म्हणजे पोरीच्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा. साठ किलोच्या माणसाने रोज चौदा किलोचे पोते पाठीवर घेऊन तासभर जायचे आणि तासभर यायचे, असाच हा हिशेब झाला.

मग टेबलावर एकेक वस्तू काढून वेगवेगळी तोलली. रिकामे दप्तर ९०० ग्रॅम. सगळ्या विषयांची पुस्तके दीड किलो. सहा जाड वह्या १४०० ग्रॅम. एक गाईड ७०० ग्रॅम. पाण्याने भरलेली लिटरची बाटली ११०० ग्रॅम. भाकरीचा डबा ३५० आणि कंपासपेटी वगैरे २०० ग्रॅम. आईला वाटत होते की सगळे ओझे पुस्तकांचेच आहे. पण पुस्तके त्यात पाव हिस्सासुद्धा नव्हती. एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलो, हे आपल्या कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता किती वजन रास्त? केंद्र शासनाचे २०२० चे शालेय दप्तर धोरण सांगते की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे. महाराष्ट्र शासनाने २०१५ सालीच हा दहा टक्क्यांचा नियम घातला होता. परदेशातील बालरोगतज्ज्ञ दहा ते वीस टक्क्यांपर्यंत चालेल असे म्हणतात, पण आपल्या मुलांची वाट लांबची आणि चढणीची आहे, म्हणून मी दहालाच धरून राहते. धोरणात इयत्तेप्रमाणेही आकडे दिले आहेत. सहावी-सातवीला दोन ते तीन किलो, पहिली-दुसरीला साधारण दीड ते सव्वादोन किलो. बालवाडीला तर दप्तरच नको.

मात्र इयत्तेच्या आकड्यावर आपण विसंबू नये. आपल्या सहावीच्या वर्गात ३४ किलोचे मूल आहे आणि २२ किलोचेही आहे. तीन किलोचे दप्तर पहिल्याला चालेल, दुसऱ्याला जड होईल. ज्या मुलाचे पोट नीट भरत नाही त्याच्या पाठीचे स्नायूही कमीच असतात. म्हणून इयत्ता विचारू नका, मुलाचे वजन करा. मूल दप्तर घेऊन काट्यावर उभे करा, मग दप्तर उतरवून पुन्हा उभे करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दप्तराचे वजन. मुलाच्या वजनाचा दहावा भाग ही मर्यादा. आपल्या मुलीसाठी ती दोन किलो सहाशे ग्रॅम होती.

वजनाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे दप्तर पाठीवर कुठे बसते. त्या मुलीला मी दप्तर घालून चालायला सांगितले. पट्टे पूर्ण सैल सोडलेले, दप्तर कुल्ल्यांच्या खाली लोंबत होते आणि प्रत्येक पावलाला आपटत होते. ओझे मागे ओढते, म्हणून मूल कंबरेतून पुढे वाकते. पुढे वाकले की समोर पाहण्यासाठी मान उचलावी लागते. अशा रीतीने कंबर, पाठ आणि मान तिन्हींचे स्नायू सारखे ताणलेले राहतात. भरलेली घागर छातीशी धरली तर पेलते, हात लांब करून धरली तर लगेच हात भरून येतो. दप्तराचेही तसेच. पाठीपासून जितके दूर आणि जितके खाली, तितके जास्त जड.

म्हणून दप्तर असे बसवावे. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यावेत. एका खांद्यावर टांगले की मूल एका बाजूला कलून चालते. पट्टे इतके आवळावेत की दप्तर पाठीला टेकेल, पण पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. दप्तराचा वरचा काठ खांद्याच्या वर जाऊ नये. खालचा काठ कंबरेशी यावा, फार तर कंबरेखाली चार बोटे. पट्टा रुंद आणि आतून मऊ हवा. दोरीसारखा अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि तिथल्या शिरा दाबल्या गेल्या तर हाताला मुंग्या येतात. हात बधिर होतो किंवा त्यातली शक्ती कमी वाटते असे मूल म्हणाले, तर ते दप्तर त्याच दिवशी बंद करावे. भरताना जाड पुस्तके पाठीच्या बाजूला ठेवावीत, वह्या आणि डबा पुढच्या बाजूला.

त्या मुलीचे पट्टे मी आवळून पाहिले, तरी दप्तर नीट बसेना. मानेखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून कंबरेपर्यंत तिची पाठ मोजली, ३६ सेंटिमीटर भरली. दप्तराची उंची होती ४८ सेंटिमीटर. बंधुभगिनींनो, चूक इथे होती. "मोठे घेऊ, चार वर्षे पुरेल," असे म्हणून आपण पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना एकाच मापाचे दप्तर दिले. मोठ्या दप्तराची आणखी एक खोड असते. जागा असली की ती भरली जाते.

पुढे काय केले ते सांगते. गाईड घरी ठेवले. बाटली रिकामी न्यायची आणि शाळेतल्या फिल्टरवर भरायची असे ठरले. गुरुजींशी बोलले. त्यांनी आढेवेढे न घेता वेळापत्रक असे लावले की एका दिवशी तीनच विषयांची पुस्तके लागतील. मागच्या वर्षीच्या मुलांनी परत केलेली पुस्तके वर्गातल्या फळीवर ठेवली, म्हणजे एखादे पुस्तक घरी राहिले तरी अडत नाही. जाड वह्यांऐवजी शंभर पानी वह्या घेतल्या. दप्तर लहान आणि हलके दिले, अर्ध्या किलोचे. डबा तसाच ठेवला. शाळेत खिचडी मिळते, पण तासभर चालून आलेल्या पोराला सकाळी भूक लागते, तिथे काटकसर नको. पुन्हा तोलले. दप्तर ५००, पुस्तके ७००, वह्या ६००, रिकामी बाटली १००, डबा ३५०, बाकी २००. एकूण दोन किलो साडेचारशे ग्रॅम. मर्यादेच्या आत.

तरीही मी आईला एक प्रश्न विचारला, "घरी ही काय काय उचलते?" तेव्हा कळले की रोज सकाळी हातपंपावरून दोन हंडे पाणी आणते आणि धाकट्या भावाला कडेवर घेते. अभ्यासकांनी पुष्कळ मुलांची तपासणी केली आहे, आणि केवळ दप्तरामुळेच पाठदुखी होते असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. दप्तरामुळे पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, ही भीतीही खरी नाही. मुलाची पाठ दुखते ती दिवसभराच्या सगळ्या ओझ्याने, अपुऱ्या झोपेने, कधी एकाच जागी तासन्‌तास वाकून बसल्यानेही. म्हणून मोठा हंडा बदलून लहान कळशी दिली. खेळणे मात्र बंद करू नका असे बजावले. पाठ दुखते म्हणून मुलाला निजवून ठेवले तर स्नायू आणखी कमजोर होतात. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा खांद्यावरचे वळ गेले होते, आणि पाठ फक्त बाजाराच्या दिवशी दुखते म्हणाली.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक पाठदुखीचा दोष दप्तरावर घालू नका. ओळखायची एक सोपी खूण आहे. दप्तराने होणारे दुखणे संध्याकाळी वाढते आणि रविवारी, सुट्टीत कमी होते. सुट्टीतही दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर कारण दुसरे असू शकते.

आपल्या भागात दोन आजार विसरून चालणार नाही. पहिला मणक्याचा टीबी. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, पाठ ताठ धरून चालणे, खाली पडलेली वस्तू वाकून न उचलता गुडघ्यात बसून उचलणे, पाठीच्या मध्यावर बोट दाबले की दुखणे किंवा तिथे उंचवटा दिसणे, ही त्याची लक्षणे. खोकला नसला तरी हा टीबी असू शकतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे, आणि वेळेवर औषध सुरू झाले तर मूल बरे होते. दुसरा सिकलसेल. त्यात पाठ, हात, पाय एकदम तीव्र दुखतात, मूल फिकट दिसते, कधी डोळे पिवळे होतात. त्याचे निदान रक्ताच्या तपासणीने होते. आणि पायातली शक्ती गेली, चाल बदलली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

शेवटी तुमच्याकडे एक मागणे. येत्या जूनसाठी दप्तरे पाठवाल तेव्हा दोन मापांची पाठवा. लहान मुलांसाठी ३० ते ३५ सेंटिमीटर उंचीची, मोठ्यांसाठी ४० च्या आसपासची. रिकामे दप्तर अर्ध्या किलोच्या आत असावे, आणि पट्टे चार बोटे रुंद, मऊ, आवळता येणारे असावेत. चकचकीत, भरपूर कप्प्यांचे, चाकांचे दप्तर नको. आमच्या पायवाटेवर चाके चालत नाहीत, ते उचलूनच न्यावे लागते. पैसे उरले तर शाळेसाठी एक वजनकाटा द्या. वर्षातून दोनदा मुले आणि दप्तरे दोन्ही तोलू. दप्तर जड निघाले तर लगेच हलके करता येईल, आणि एखाद्या मुलाचे वजन सहा महिन्यांत वाढलेच नाही, तर तेही त्याच काट्यावर कळेल.