‘हलके काम द्यावे’ : एका चिठ्ठीविषयी



उद्यमबागेतील फौंड्रीत काम करणारा माणूस हृदयविकाराच्या झटक्यातून उठला की आम्हां डॉक्टरांकडे एक चिठ्ठी मागतो. बहुधा त्या चिठ्ठीत चारच शब्द असतात : ‘यांना हलके काम द्यावे’. या चार शब्दांनी दोन अनर्थ होतात. हलके म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे! मुकादमाला वाळू चाळणे हलके वाटते. हृदयाला ते तसे वाटतेच असे नाही. शिवाय किती दिवस, हेही लिहिलेले नसते. म्हणून कसबी मोल्डर वर्षभर झाडलोट करीत राहतो आणि एके दिवशी ‘आता तुमची गरज नाही’ असे ऐकतो.

चिठ्ठी कशी असावी, हे एक उदाहरण कल्पून पाहू. मोल्डर, वय 48. झटका आला, त्याच दिवशी बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडून स्टेंट बसविला. इतर वाहिन्या ठीक, हृदयाची पंपशक्ती चांगली, ठोके नियमित. इजा झालेल्या स्नायूवर पक्का व्रण धरायला साधारण सहा आठवडे लागतात. म्हणून चौथ्या आठवड्याच्या शेवटी दिलेली पहिली चिठ्ठी बेताची असावी : ‘दोन आठवडे, रोज चार तास, फक्त दिवसपाळी. पाच किलोपेक्षा जास्त उचलू नये. भट्टीजवळ जाऊ नये. तपासणी अमुक तारखेस.’ अशा माणसास तयार माल तपासून मोजण्याचे काम देता येते.

पुढची चिठ्ठी अंदाजाने देऊ नये. सरकत्या पट्ट्यावर चालण्याची, म्हणजे ट्रेडमिलची, चाचणी घ्यावी. स्वस्थ बसल्यावर शरीराला जेवढा प्राणवायू लागतो त्याला एक ‘मेट’ म्हणतात. समजा, आमचा मोल्डर नेहमीच्या पद्धतीच्या चाचणीत नऊ मिनिटे चालला. छातीत दुखले नाही, आलेखात बिघाड दिसला नाही. म्हणजे त्याची ताकद सुमारे दहा मेट. आठ तासांच्या कामाची सरासरी या ताकदीच्या चाळीस टक्क्यांच्या, म्हणजे चार मेटच्या, आत ठेवावी असा ठोकताळा आहे. उभ्याने लहान साचे करणे त्यात बसते. भरल्या फावड्याने सतत वाळू ओढणे बसत नाही.

पण या चाचणीची मर्यादा ओळखली पाहिजे. ती पायांची असते, थंड खोलीत होते. ओझे उचलताना माणूस श्वास रोखतो, रक्तदाब एकदम चढतो. भट्टीच्या धगीत तेच काम करताना हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून तास, वजन आणि उष्णता ही तीन बंधने एकदम उठवू नयेत. सातव्या आठवड्यात पूर्ण आठ तास द्यावेत, वजन पाच किलोच ठेवावे. नवव्यात वजन दहा किलो, मग पंधरा. भट्टीचे काम बाराव्या आठवड्याच्या सुमारास, तेही आधी थोडा थोडा वेळ, रातपाळी त्यानंतर. एका वेळी एकच बंधन सैल केले की तक्रार कशाने झाली ते कळते आणि तेवढीच पायरी मागे घेता येते.

तक्रार कोणती? छातीत दडपण, बोलवेना इतका दम, चक्कर, धडधड. अशा वेळी काम टाकून बसावे. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर थेट रुग्णालय गाठावे. सकाळी उठल्यावरही कालचा थकवा उरला असेल तर पायरी लवकर चढली असे समजावे. नाडीवर मात्र विसंबू नये. ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे जखम अधिक वाहते, म्हणून हातमोज्यांची सूचनाही चिठ्ठीत असावी.

ज्याची पंपशक्ती क्षीण आहे, ठोके बिघडतात किंवा दुसरी वाहिनी अरुंद आहे, त्याला हे वेळापत्रक लागू नाही. कदाचित त्याला भट्टीवर परत जाता येणारच नाही. तेही स्पष्ट लिहावे, म्हणजे दुसरे काम वेळेत शोधता येते. पगार बुडेल या भीतीने घाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगारास आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो.

आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. डॉक्टर इंग्रजीत लिहितात, कचेरीतला कारभार कानडीत चालतो आणि कामगार मराठी वाचतो. तेव्हा चिठ्ठीची एक प्रत त्याला वाचता येईल अशा भाषेत त्याच्या हाती द्यावी. मालकाच्या प्रतीत रोगाचा सारा इतिहास नको. काय करता येईल, काय नको आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे पुरे. आणि शेवटची चिठ्ठी विसरू नये. ‘आजपासून पूर्वीचे सर्व काम करण्यास हरकत नाही’ हे वाक्य लेखी आल्याशिवाय कामगाराला त्याची जागा परत मिळत नाही.