सॅलडमधली काकडी निर्दोष आहे

आजचा विषय आहे सॅलडच्या कॅलरी. आता तुम्ही म्हणाल, सॅलडच्या कसल्या कॅलरी मोजायच्या, घासपूस तर आहे. बऱ्याच ॲपमध्येही ‘मिक्स सॅलड, एक वाटी’ टाकलं की चाळीस-पन्नास असा काहीतरी आकडा येतो. तो चुकीचा नसतो, पण तो फक्त भाजीचा असतो. तुमच्या वाडग्यात भाजीवर जे जे पडलंय, ते त्यात नसतं.

आमच्या भांडगावातलंच उदाहरण देते. दौंड तालुक्यातलं, सोलापूर हायवेवरचं आमचं गाव. माझे दाजी इथेच एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला आहेत. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून बजावलं, तर त्यांनी रात्रीची भाकरी बंद केली आणि मोबाईलवर बघून सॅलड सुरू केलं. दोन महिने झाले तरी काटा हलेना. मग घरात संशय सुरू. ताई म्हणायची, “हे नक्की चौफुल्यावर वडापाव हाणून येतात.” दाजी शपथा घ्यायचे. माणूस खरं बोलत असताना घरचे विश्वास ठेवत नाहीत, हे वजनापेक्षा वाईट. एका संध्याकाळी मी म्हटलं, “दाजी, तुम्ही रोजच्यासारखं करा. फक्त सगळं ह्या वजनकाट्यावर ठेवून करा.”

आधी भाजी. काकडी १२० ग्रॅम, टोमॅटो ८०, गाजर ४०, कोबी ४०. एकूण २८० ग्रॅम, म्हणजे मोठा वाडगा भरून. काकडी-टोमॅटोत ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे सगळ्या भाजीच्या मिळून झाल्या साधारण ६० कॅलरी. इथपर्यंत दाजी एकदम खूश.

मग ड्रेसिंग. रीलमध्ये सांगितलं होतं ‘दोन चमचे ऑलिव्ह ऑइल’. आता चमचा कुठला? मापाचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा असतो, त्यात साडेतेरा ग्रॅमच्या आसपास तेल बसतं. दाजी मात्र थेट बाटलीतूनच ओतायचे. अशा वेळी सोपी युक्ती आहे. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, टेअरचं बटण दाबून आकडा शून्य करायचा, बाटली उचलून नेहमीसारखं ओतायचं आणि परत ठेवायची. काट्यावर उणे आकडा दिसतो, तेवढं तेल गेलं. दाजींचा आकडा आला उणे २८.

फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि तेल म्हणजे जवळपास निव्वळ फॅट. २८ गुणिले ९, म्हणजे २५२. दाजी म्हणाले, “अगं पण ऑलिव्हचं आहे ना, ते हलकं असतं.” फॅटचा प्रकार वेगळा असतो हे खरं, पण ऑलिव्ह असो, शेंगदाण्याचं असो की करडईचं, कॅलरी त्याच. गाळलेलं, सोनेरी, महागडं, काही फरक नाही.

पुढे मध एक लहान चमचा, ७ ग्रॅम, २० कॅलरी. भाजलेले शेंगदाणे मूठभर, २० ग्रॅम, साधारण ११५. भोपळ्याच्या बिया १० ग्रॅम, ५५. वर किसलेला चीजचा एक क्यूब, २५ ग्रॅम, ८० च्या आसपास. चीजच्या ब्रँडनुसार आकडा थोडा बदलतो, म्हणून पाकिटामागे प्रति १०० ग्रॅम काय लिहिलंय ते बघून आपल्या वजनाने गुणायचं. बाटलीतलं तयार ड्रेसिंग किंवा मेयोनीज असेल तरी हेच करा. तिथे ‘प्रति सर्व्हिंग’ लिहिलेलं असतं, ते सर्व्हिंग किती ग्रॅमचं तेही वाचा. आपण पिचकारी मारतो ती सर्व्हिंग विचारून मारत नाही.

बेरीज झाली साधारण ५८०. त्यातल्या भाजीच्या ६०, बाकी वरच्या सामानाच्या ५२०. ते सामान वजनाने होतं फक्त ९० ग्रॅम. म्हणजे वाडग्याच्या पाव वजनात नव्वद टक्के कॅलरी. ताई शांत झाली. दाजी वडापाव खात नव्हते, हे काट्यावर सिद्ध झालं.

ह्यातून मोजायची पद्धतच बदलते बघा. काकडी अंदाजे टाका. दुप्पट पडली तरी १८ कॅलरीचा फरक. पण तेल ‘असेल दहा ग्रॅम’ म्हणून लिहिलंत आणि पडलं २८, तर १६० कॅलरी गायब. म्हणून काटा काढायचाच असेल तर तेल, दाणे, बिया आणि चीजसाठी काढा.

दोन ठिकाणी मात्र हिशेब थोडा सैल राहतो. एक म्हणजे वाडग्याच्या तळाशी उरलेलं ड्रेसिंग. ते प्यायला नसाल तर ते पोटात गेलेलं नाही. पण त्यात टोमॅटोचं पाणीही असतं, त्यामुळे तळाचं वजन घेऊन सगळं तेलच धरलं तर गडबड होते. दाजी वाडगा उचलून पितात, तो प्रश्नच मिटला.

दुसरं म्हणजे दाणे आणि बदाम. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अख्खे बदाम लोकांना खायला घालून तपासलं. २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ च्या आसपास कॅलरी मिळाल्या, नेहमीच्या गणिताने त्या १७० च्या घरात येतात. कारण आपण कितीही चावलं तरी बदामाच्या काही पेशी फुटत नाहीत, आणि आतलं फॅट तसंच बाहेर पडतं. पुढच्या प्रयोगात बदाम वाटून बटर केलं, तर हा फायदा उरला नाही. आता आपली खमंग काकडी आठवा. त्यात दाण्याचं कूट असतं, वरून तुपाची नाहीतर तेलाची फोडणी. आज्जीचं ड्रेसिंगच की ते! कूट बारीक असल्यामुळे ते पूर्ण धरा, सूट घेऊ नका. फोडणीच्या कढल्यात काही राहतं, पण थोडंच.

हे ऐकून तेल एकदम शून्य करू नका. गाजर-टोमॅटोतले रंगद्रव्यांचे घटक शोषायला थोडं फॅट लागतं. २००४ साली अमेरिकेत एका छोट्या प्रयोगात बिनफॅटच्या ड्रेसिंगबरोबर सॅलड खाल्लेल्यांच्या रक्तात ते जवळपास दिसलेच नाहीत.

मग दाजींचं नवं सॅलड असं बसवलं. भाजी तीच, ६०. तेल लहान चमच्याने एकच, साडेचार ग्रॅम, ४०. मध बंद, त्याजागी लिंबू आणि जिरेपूड. दाणे १० ग्रॅम, ५५ ते ६०. बिया ५ ग्रॅम, २८. चीजऐवजी दोन-तीन चमचे घट्ट दही, ३०-३५. झाले २२० च्या आसपास. दाजी म्हणाले, “ह्यानं माझं पोट भरायचं नाही, मला रात्रपाळी आहे.” बरोबरच होतं त्यांचं. मग ताईने ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी थापली, तिच्या साधारण १७०. दोन्ही मिळून ३९० च्या आसपास. जुन्या नुसत्या सॅलडपेक्षा १९० कमी, आणि बंद केलेली भाकरी ताटात परत आली.