हरभऱ्याची मर आणि पिकांची फेरपालट
(गावसभेतील छोटे भाषण)

मंडळी, आज फक्त हरभऱ्याचं बोलू. आपल्या निपाणी भागात खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, असं एकाच रानात वर्षानुवर्षं चालतं. दोन्हींच्या मुळांवर गाठी येतात, म्हणून जमीन सुधारतेच असं आपण धरून चालतो. पण सोयाबीनच्या गाठींनी हवेतून मिळवलेलं बरंचसं नत्र दाण्यातून बाजारात जातं.

आणि हरभऱ्यामागून हरभरा आला की मातीत मर रोगाची बुरशी साठत जाते. आमच्या रानात आधी दोन-चार झाडं सुकली. पाणी कमी पडलं असेल म्हणून आम्ही पाणी दिलं! पुढच्या हंगामात जागोजागी पट्टेच्या पट्टे वाळले. ओळखायचं कसं? झाड उपटून बुंध्याशी उभं चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली, तर ती मर. नुसत्या तहानलेल्या झाडात ती नसते.

मग त्या तुकड्यात आम्ही तीन वर्षं हरभरा घेतला नाही, रब्बीत शाळू केला. शाळूला ही मर लागत नाही, शिवाय जनावरांना कडबा झाला. चौथ्या वर्षी मररोधक बियाणं ट्रायकोडर्मा चोळून पेरलं. मर अगदी गेली नाही, पण मोजकीच झाडं वाळली. हरभरा नसतानाही ही बुरशी सहा वर्षांपर्यंत मातीत तग धरते. तेव्हा एका वर्षाच्या पालटानं काम होत नाही.

सोयाबीन निघायच्या आत तुकडे ठरवून टाका. गेल्या साली कुठं वाळलं होतं, ते घरात विचारा.