ससोबा खरं बोलतो तेव्हा

बालवाडीतल्या बाहुलीनाट्यात खोटं बोलणाऱ्याची फजिती दाखवायची आपल्याला सवय आहे. पण 2014 साली टोरंटोचे संशोधक कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 3 ते 7 वर्षांच्या मुलांना एक खेळणं चोरून बघण्याचा मोह होईल अशा स्थितीत ठेवलं. मग गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, ‘बघितलंस का?’ ‘लांडगा आला रे आला’ किंवा पिनोकिओची गोष्ट ऐकलेली मुलं त्यामुळे जास्त खरं बोलली नाहीत. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या, आणि त्याबद्दल शाबासकी मिळालेल्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. माझी संहिता इथून सुरू होते.

पात्रं दोनच, कारण हात दोनच. उजव्या हातात पायमोज्याचा ससोबा: चार बोटं पंजाच्या टोकात, अंगठा टाचेत, मधला भाग आत दाबला की तोंड तयार. डाव्या हातात कागदी पिशवीची हत्तीआजी. पिशवीच्या तळाची घडी हेच तिचं तोंड, त्यावर चिकटवलेली सोंड. पिशवी फक्त तोंड उघडझाप करू शकते. मोजा मान खाली घालतो, आवंढा गिळतो. म्हणून कबुली देणारा मोज्याचाच हवा. बोलताना दर अक्षराला अंगठा खाली ओढा. बोटं वर उचललीत तर ससोबा आढ्याकडे बघत बोलतो, मुलांकडे नाही.

पुठ्ठ्याचा माठ आधीच दोन तुकडे करून टेकवून ठेवा. ससोबा चेंडू खेळतो, माठ पडतो. हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडायलाच हवं. मग आजी येते.

आजी : अगंबाई, माठ फुटला वाटतं?
(ससोबा मान खाली घालतो. मनात तीन आकडे मोजा.)
ससोबा : आजी... माझ्या चेंडूनं फुटला. मी फोडला.
आजी : तू स्वतःहून सांगितलंस, मला फार बरं वाटलं. चल, दोघं मिळून पाणी पुसू.

या तीन आकड्यांतच घोळ होतो. मुलं ओरडतात, ‘ससोबानं फोडला!’ मग कबुलीत काही उरत नाही, ती चुगली होते. त्यावर माझा उपाय असा, की आजी येण्याआधी ससोबा मुलांकडे वळून म्हणतो, ‘तुम्ही नका सांगू हं. मीच सांगणार आहे.’ मग वर्ग श्वास धरून बसतो.

आजीनं खाऊ देऊ नये. नाहीतर लाडूसाठी माठ फोडावा असा सोपा हिशेब चार वर्षांचं मूल सहज मांडतं. पण रागवूही नये. खेळ पाचेक मिनिटांत संपवा आणि पाणी पुसायचं फडकं खरंच समोर ठेवा. पडदा सरकला की एखादं मूल ते उचलून कोरडी फरशी पुसायला लागतं. त्याला पुसू द्या.