खरेदीखत झालं, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

मागच्या भागानंतर बऱ्याच श्रोत्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "आम्ही जमिनीची रजिस्ट्री केली, स्टँप ड्युटी भरली, सह्या-अंगठे झाले. मग आता तलाठी ऑफिसला परत कशाला जायचं?" आज याच प्रश्नावर बोलू. मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी आणि महसुली कामं करतो. माझ्याकडे येणाऱ्या जमिनीच्या भांडणांतली बरीच भांडणं या दोन कामांमधल्या फटीतून आलेली असतात. आज फक्त शेतजमिनीबद्दल बोलतो, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. फ्लॅटचं शेवटी दोन शब्दांत सांगेन.

आधी रजिस्ट्री म्हणजे काय ते बघू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आणि नोंदणी कायदा १९०८ चा. या दोन्हींमुळे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची, तर नोंदवलेला दस्त लागतोच. तो दस्त म्हणजे खरेदीखत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तो नोंदला जातो आणि मालकी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते. त्यानंतर तुमच्या हातात मूळ दस्त येतो आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला आपण 'इंडेक्स टू' म्हणतो, तो उतारा मिळतो.

पण दुय्यम निबंधक नेमकं काय तपासतात? दस्तावर योग्य मुद्रांक शुल्क भरलंय का, सही करणारी माणसं खरंच तीच आहेत का, त्यांनी दस्त लिहून दिल्याचं कबूल केलं का. विकणारा खरोखर मालक आहे का, त्याच्या बहिणीचा हिस्सा राहिलाय का, याची पूर्ण चौकशी करून मालकीची हमी देणं हे त्यांचं काम नाही. दस्त नोंदला गेला म्हणून त्यातली प्रत्येक गोष्ट सरकारने खरी ठरवली, असं होत नाही.

आता फेरफार. गावाचा एक हिशेब असतो: कुठला गट, कुणाच्या नावे, किती क्षेत्र, कुणाचा बोजा. हा हिशेब सातबाऱ्यावर दिसतो. त्यात बदल करायचा तर आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घालावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० मध्ये ही पद्धत दिली आहे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते नोंद घालतात. चावडीवर तिची प्रत लावतात आणि ज्यांचा संबंध आहे अशा सगळ्या खातेदारांना लेखी नोटीस देतात. हरकतीसाठी साधारण पंधरा दिवस असतात. कुणी हरकत घेतली नाही, तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर तुमचं नाव लागतं. हरकत आली, तर ती तक्रारी नोंदवहीत जाते, दोन्ही बाजूंना ऐकून निकाल होतो.

इथे लक्षात घ्या, रजिस्ट्रीच्या टेबलावर शेजारच्या हिस्सेदाराला कुणी विचारलेलं नसतं. फेरफाराच्या नोटिशीने त्याला पहिल्यांदा विचारलं जातं. म्हणून रजिस्ट्री सुरळीत झालेला व्यवहार फेरफारात अडकू शकतो. घेणारा शेतकरी नसला आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नसली, जमीन भोगवटादार वर्ग दोनची असली आणि परवानगी घेतलेली नसली, किंवा दस्तातला गट क्रमांक रेकॉर्डशी जुळत नसला, तर नोंद रद्द होते.

काही जण म्हणतात, "अहो, आता ई-फेरफार आहे. दस्त नोंदला की माहिती आपोआप जाते." माहिती जाते, हे खरं. कलम १५४ प्रमाणे नोंदणी कार्यालयाने तशी सूचना महसूल खात्याला द्यायचीच असते. नोंदवलेल्या दस्ताने हक्क मिळाला असेल, तर तुम्ही वेगळी वर्दी देण्याचं बंधनही कायदा घालत नाही. पण सूचना गेली म्हणजे फक्त नोंद सुरू झाली. ती प्रमाणित झाली की रद्द, हे बघायचं काम तुमचं आहे. आणि गाडी नेमकी इथेच अडते.

एक उदाहरण घेऊ. नाव-गाव बदललंय आणि समजायला सोपं जावं म्हणून थोडं जुळवून घेतलंय. एका गृहस्थांनी गावातल्या एका काकांकडून ४० आर, म्हणजे साधारण एक एकर जमीन घेतली. दस्तात लिहिलं 'गट क्रमांक २१२ पैकी ४० आर'. रजिस्ट्री झाली, पैसे दिले, ताबाही मिळाला. मूळ दस्त कपाटात गेला.

पण या व्यवहाराच्या दोन वर्षं आधी काकांच्या घरात वाटप झालं होतं. गट २१२ चे २१२/१ आणि २१२/२ असे दोन हिस्से पडले होते. काकांच्या वाट्याला २१२/२ आला होता. दस्त लिहिणाऱ्याने जुना सातबारा समोर ठेवून लिहिलं. फेरफाराची नोंद पडली, मंडळ अधिकाऱ्यांनी कागद बघितले आणि 'दस्तातील गट क्रमांक अभिलेखाशी जुळत नाही' असा शेरा मारून नोंद रद्द केली. गृहस्थ पुण्यात नोकरीला. नोटीस गावच्या पत्त्यावर गेली. त्यांना वाटत होतं, नाव लागलंच असेल.

सहा वर्षांनी काका वारले. सातबाऱ्यावर काकांचंच नाव, म्हणून वारस नोंदीने तिन्ही मुलांची नावं लागली. ती नोंद करणाऱ्यांनी रेकॉर्डवर जे दिसलं त्याप्रमाणे केली. मग थोरल्या मुलाने सोसायटीचं पीककर्ज काढलं, त्याचा बोजा सातबाऱ्यावर चढला. आणि मग रस्ता रुंदीकरणासाठी जमीन संपादनाची नोटीस आली. ती आली तिन्ही भावांच्या नावे, कारण भूसंपादनाची नोटीस रेकॉर्डवर नाव असणाऱ्याला जाते. आमच्या गृहस्थांना ही बातमी शेजाऱ्याकडून कळली.

आता कायद्याने जमीन कुणाची? गृहस्थांची. काकांनी हयातीत नोंदवलेल्या खरेदीखताने ती विकली होती. जे काकांकडे उरलंच नव्हतं, ते मुलांकडे वारशाने कसं येणार? त्यामुळे मुलांनी चढवलेला बोजाही खरं तर या जमिनीवर टिकत नाही. पण हे सगळं सिद्ध करायचं ओझं गृहस्थांच्या अंगावर आलं. कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे रेकॉर्ड मुलांच्या बाजूने बोलत होतं आणि गृहस्थांना त्याच्याविरुद्ध बोलायचं होतं.

त्यांनी काय केलं ते क्रमाने सांगतो. पहिलं काम, रद्द झालेल्या फेरफाराची नक्कल काढली. शेरा वाचल्याशिवाय रोग कळत नाही. दुसरं, भूसंपादन अधिकाऱ्याकडे दस्ताची प्रत जोडून लेखी हरकत दिली, म्हणजे मोबदला वाटून मोकळा होऊ नये. पैसे एकदा वाटले गेले की ते परत मिळवणं हा आणखी एक दावा. तिसरं, चूक दुरुस्ती लेख. गट क्रमांक २१२ ऐवजी २१२/२ वाचावा, असा दस्त नोंदवायचा. पण त्यावर लिहून देणाऱ्याची सही लागते आणि लिहून देणारे काका आता नव्हते. त्यांच्या वारसांनी सही करायची. दोघांनी केली. थोरल्याने नकार दिला, कारण त्याच्या डोळ्यासमोर मोबदल्याचा आकडा होता. म्हणून चौथं काम, दिवाणी कोर्टात दस्त दुरुस्तीचा आणि मालकी जाहीर करून मागण्याचा दावा. काका हयात असताना जे काम एका सहीने झालं असतं, त्याला कोर्टाच्या तारखा लागल्या.

तुम्ही विचाराल, रद्द झालेल्या नोंदीवर अपील करता आलं नसतं का? आलं असतं. उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्याकडे अपील होतं आणि त्याची मुदत साठ दिवसांची असते. सहा वर्षांनी गेलात तर आधी उशीर माफ करा म्हणून अर्ज, मग अपील. आणि या केसमध्ये अपिलाने मूळ दुखणं जात नव्हतं, कारण दस्तातच चूक होती. महसूल अधिकारी तुमचा दस्त बदलून देत नाहीत.

आता नाणं उलटं करू. "सातबाऱ्यावर नाव लागलं, मग रजिस्ट्रीचा खर्च कशाला?" असं म्हणणारेही भेटतात. शंभर किंवा पाचशेच्या स्टँप पेपरवर लिहून घेतलेलं असतं, नोटरीचा शिक्का असतो, कधीकाळी कुणीतरी नावही लावून दिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलंय की फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलाच्या कामापुरती असते. विकणारा किंवा त्याचा वारस कोर्टात गेला, तर पहिला प्रश्न 'नोंदवलेलं खरेदीखत दाखवा' हाच येणार. नुसत्या सातबाऱ्याने त्याचं उत्तर देता येत नाही.

म्हणजे खरेदीखत मालकी देतं आणि फेरफार ती मालकी जगाला दिसेल अशी करतो. पीककर्ज देणारी बँक, पीक विमा, भूसंपादन अधिकारी, उद्या तुमच्याकडून जमीन घेणारा, हे सगळे आधी सातबारा बघतात.

मग घेताना काय करायचं? दस्त लिहिण्याआधी त्याच आठवड्यातला डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा आणि गट, हिस्सा, क्षेत्र अक्षरशः तिथूनच दस्तात उतरवा. सातबाऱ्यावर एकापेक्षा जास्त नावं असतील आणि विकणारा एकटाच असेल, तर वाटप झालंय का ते विचारा. वाटप नसेल, तर त्याच्या हिश्शापुरतंच नाव लागू शकतं. 'पूर्वेकडचे ४० आर' असं दस्तात लिहिलं म्हणून तोच तुकडा तुमचा होत नाही.

रजिस्ट्री झाल्यावर सूची दोन घेऊन तलाठ्यांकडे जा आणि फेरफार क्रमांक विचारून घ्या. महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या सेवेवर गावातल्या चालू नोंदी दिसतात, तिथे नोंदीची स्थिती बघत राहा. स्वतःचा खरा पत्ता द्या, म्हणजे नोटीस तुमच्याच हातात पडेल. नोंद प्रमाणित झाली की नवीन सातबारा काढा आणि चार गोष्टी बघा: नावाचं स्पेलिंग, क्षेत्र, विकणाऱ्याचं क्षेत्र तितकंच कमी झालंय का, आणि इतर हक्कात जुना बोजा राहिलाय का. नोंद रद्द झाली, तर शेरा वाचा आणि विकणारा हाताशी आहे तोवर दुरुस्ती करून घ्या.

फ्लॅटवाल्यांसाठी दोनच शब्द. तुमच्याकडेही रजिस्ट्रीनंतरची कामं असतातच: सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव, महापालिकेत मालमत्ता कराला नाव. गावठाणाबाहेर शहर हद्दीतला प्लॉट असेल आणि नगर भूमापन झालेलं असेल, तर सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका येते आणि अर्ज नगर भूमापन कार्यालयात जातो. त्यावर वेगळा भाग करू.

तुमची नोंद रद्द झाली असेल आणि शेऱ्याचा अर्थ लागत नसेल, तर शेरा जसाच्या तसा लिहून पाठवा, नाव आणि गट क्रमांक झाकून. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊ. भेटू मग, नमस्कार.