मैत्रिणीला दिलेले पैसे, वकिलाची नोटीस आणि तीन वर्षांची मुदत

उसनवारीबद्दल आपल्या जिल्ह्यातल्या बाया आम्हाला नेहमी विचारतात, "पैसे परत येत नाहीत, वकिलाची नोटीस पाठवली तर चालेल का?" चालेल. पण नोटिशीने काय होते आणि काय होत नाही, हे आज नीट समजून घेऊ.

एक उदाहरण धरू. आमगाव तालुक्यातल्या एका ताईने बचत गटातून कर्ज उचलले आणि रोवणीसाठी अडलेल्या मैत्रिणीला १२ जून २०२३ रोजी ४० हजार रुपये दिले. पैसे बँक खात्यातून गेले, पण कागद केला नाही आणि परतीची तारीखही ठरली नाही. मैत्रीण म्हणाली, "धानाचा चुकारा आला का देतो ना बाई." एक चुकारा आला, दुसरा आला, पैसे मात्र आले नाहीत. इकडे गटाचा हप्ता ताईच्याच डोक्यावर, कारण गटाच्या वहीत नाव तिचे आहे.

पहिली गोष्ट मुदतीची. असे उसने पैसे मिळवण्यासाठी दिवाणी कोर्टात दावा करायला कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. ती पैसे दिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे या ताईची मुदत १२ जून २०२६ पर्यंत. पुष्कळ जणींना वाटते की नोटीस पाठवली म्हणजे मुदत थांबली. तसे होत नाही. तुम्ही दहा नोटिसा पाठवा, तारीख तीच राहते.

मुदत वाढते ती समोरचीच्या लेखी कबुलीने. मूळ मुदत संपण्याआधी मैत्रिणीने सही करून लिहून दिले, की "मी तुझे ४० हजार देणे लागते", तर त्या सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. तिने पाच-दहा हजार परत केले, तर तेव्हाही "४० हजारांपैकी इतके आज दिले" असे तिच्या हाताने लिहून किंवा तिची सही घेऊन ठेवा. तोंडी वायद्याने मुदत वाढत नाही.

म्हणून नोटिशीचा खरा उपयोग तिच्या उत्तरात आहे. मैत्रिणीने सहीनिशी उत्तर दिले, "पैसे घेतले हे खरे, पण पीक बुडाले, पुढच्या वर्षी देईन," तर ती कबुली झाली. ते उत्तर पाकिटासकट जपून ठेवा. आणि ती म्हणाली, "हे उसने नव्हतेच, मदत म्हणून दिले होते," तर भांडण कशावर आहे ते आधीच कळते. मग बँकेचे खातेपुस्तक, फोनवरचे निरोप, पैसे देताना हजर असलेली शेजारीण, असा पुरावा गोळा करता येतो. फोनवरचे निरोप पुसू नका, फोनही मोडीत काढू नका.

नोटीस साधी असावी. पैसे कधी, किती, कसे दिले, किती परत आले, किती बाकी आहेत आणि किती दिवसांत हवेत, एवढे पुरे. साधारणपणे १५ दिवस देतात. "पोलिसात देईन, गावभर सांगेन" असली धमकी त्यात नको. उसने पैसे न देणे हा बहुतेक वेळा दिवाणी मामला असतो. वसुली करून देणे हे पोलिसांचे काम नाही. न ठरलेले व्याजही नोटिशीत घालू नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी पडते. नोटीस पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आले, तर ते न फोडता तसेच ठेवा. तोही पुरावाच आहे.

मैत्रिणीने चेक दिला असेल आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून तो परत आला, तर हिशेब वेगळा. तिथे नोटीस सक्तीची आहे. बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर मैत्रिणीला १५ दिवस असतात आणि ते संपल्यावर तुम्हाला तक्रारीसाठी एक महिना. इथे आठवडाभराची ढिलाईसुद्धा महागात पडते.

वकिलाच्या फीची काळजी असेल, तर लक्षात ठेवा की विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करा. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे हप्ते ठरले आणि दोघींच्या सह्या झाल्या, की त्या तडजोडीला कोर्टाच्या हुकुमाइतकीच ताकद येते. गावात रोज समोरासमोर येणाऱ्या दोघींना हा मार्ग अनेकदा सोयीचा पडतो.

जाताना खातेपुस्तक, फोन आणि पैसे दिल्याची तारीख सोबत न्या. ऑफिसात पहिला प्रश्न त्या तारखेचाच येईल.