शिवणीतल्या ओळी : जाड नोंदवहीचं पान सपाट करताना



गाव नमुना १४ म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. जुन्या लोकांच्या तोंडी ती कोतवाल बुक. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतल्या अशा हजारो वह्या कॅमेऱ्याखाली आल्या. मोडी वाचणाऱ्यांना त्या प्रतिमांमध्ये एक अडचण वारंवार येते. पानाचा मधला भाग स्वच्छ असतो, पण शिवणीकडची ओळ वाकते, अक्षरं दाटतात आणि अखेरच्या बोटभर जागेत काळोख होतो. उजव्या पानावर नेमका तिथेच अनुक्रमांक आणि तारखेचा रकाना असतो. नाव वाचता येतं, साल येत नाही.

असं का होतं ते आधी पाहू. जाड वही उघडली की पान शिवणीकडे जाताना खाली वळतं. तिथला कागद कॅमेऱ्यापासून लांब जातो आणि लांब गेलेली वस्तू लहान दिसते. म्हणून पानाची वरची ओळ शिवणीजवळ खाली झुकलेली दिसते, खालची वर चढलेली, आणि मधली जवळजवळ सरळ राहते. हा पहिला दोष. दुसरा जास्त घातक आहे. उतरत्या कागदाकडे आपण वरून पाहतो, त्यामुळे त्याची रुंदी आकसते. साठ अंशांच्या उतारावर ती निम्मी होते, पंचाहत्तर अंशांवर जेमतेम पाव उरते. सावली हा तिसरा दोष, पण तो या दोघांच्या मानाने सोपा.

आपल्या बाजूची गोष्ट अशी, की कागद ताणला जात नाही, नुसता वळतो. पन्हळी पत्र्यासारखा तो एका दिशेनं वाकलेला असतो, शिवणीला समांतर दिशेनं सरळच राहतो. म्हणून अख्ख्या पानाचा आकार एका वक्ररेषेत मावतो : शिवणीकडे जाताना कागद किती खोल गेला, एवढंच कळायला हवं. आणि ते त्याच फोटोवरून मोजता येतं, कारण नोंदवहीवर छापील आडव्या रेघा असतात.

एक हिशेब करून दाखवतो. समजा, कॅमेरा पानापासून ९०० मिलिमीटर उंच आणि नेमका शिवणीच्या वर आहे. पहिल्या आणि शेवटच्या छापील रेघेत कागदावर ३०० मिलिमीटर अंतर आहे. पानाच्या सपाट भागात हे अंतर प्रतिमेत ३६०० पिक्सेल भरलं, म्हणजे साधारण ३०० डीपीआय. आता शिवणीकडे सरकत दर १० मिलिमीटरवर तेच अंतर पुन्हा मोजायचं. ते ३५९२, ३५७२, ३५४१ आणि अगदी शिवणीपाशी ३४८४ भरलं. ३६०० ला ३४८४ ने भागा, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला ९०० ने गुणा. उत्तर येतं ३०. म्हणजे शिवणीपाशी कागद ३० मिलिमीटर खोल गेला आहे. त्याच रीतीनं आधीच्या तीन जागी खोली २, ७ आणि १५ मिलिमीटर निघते.

शेवटच्या टप्प्यात कागद १५ वरून ३० वर गेला, म्हणजे १० मिलिमीटर आडवं जाताना १५ मिलिमीटर खाली उतरला. पायथागोरस लावला की तिथला खरा कागद १८ मिलिमीटर निघतो. प्रतिमेत दिसणारा १० मिलिमीटरचा रकाना मुळात १८ चा आहे! पान सपाट करणं म्हणजे या १० ला ताणून १८ करणं, आणि प्रत्येक उभ्या पट्टीची उंची पुन्हा ३६०० वर आणणं. मोजण्यात एका पिक्सेलची चूक झाली तर खोलीत पाव मिलिमीटरचा फरक पडतो. छापील रेघच तीनचार पिक्सेल जाड असते, तेव्हा एकेका मापावर विसंबू नये. अनेक जागी मोजून त्यातून गुळगुळीत वक्र काढावा.

स्कॅनटेलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम हातानं करता येतं. पानावर वर एक आणि खाली एक वक्र दिसतो, त्यावरचे ठिपके ओढून तो छापील रेघेवर बसवायचा. कॅमेरा किती उंच होता हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, म्हणून `Depth perception` नावाची सरकपट्टी दिलेली आहे. ओळी सरळ झाल्या पण शिवणीकडची अक्षरं अजून अरुंद असतील तर ती वाढवायची, फुगली असतील तर कमी करायची. बरेच जण ओळी सरळ झाल्या की थांबतात. रुंदी मात्र तशीच आकसलेली राहते आणि वाचणारा पुन्हा अडतो.

किती वाढवायचं ते डोळ्यानं ठरवू नये. वहीचा छापील नमुना पानोपानी सारखाच असतो. वहीच्या अखेरीकडे उजव्या बाजूला थोडीच पानं उरतात आणि उजवं पान बरंचसं सपाट बसतं. तिथे रकान्याची खरी रुंदी मिळते. नाहीतर कागदाची अरुंद पट्टी हलकेच शिवणीच्या घळीत वळवून रकान्याच्या दोन्ही रेघांवर पेन्सिलीनं खूण करावी, पेन्सिल मात्र पट्टीवरच चालवावी. सपाट केलेल्या प्रतिमेत तीच रुंदी आली पाहिजे.

इथे मला एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे : वक्र कागदाचा धरा, लिखाणाचा धरू नका. स्वयंचलित पद्धत अक्षरांच्या ओळी शोधते आणि त्या सरळ करते. छापील पुस्तकात ते चालतं. मोडीत तर आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवतात, तेव्हा ही रेघ सॉफ्टवेअरला पटकन सापडते. पण ती हातानं ओढलेली असते. लिहिणाऱ्यानं बांधलेल्या वहीतच लिहिलं आहे, शिवणीपाशी त्याचा हात अडला आहे, ओळ खरोखर वर चढली आहे, अक्षरं खरोखर दाटली आहेत. ती ओळ सरळ केली की शेजारच्या छापील रेघा लाटेसारख्या होतात, आणि चूक झाल्याची ओळख तीच. कागद सपाट झाल्यावरही थोडी तिरकी राहिलेली ओळ हा दस्तऐवजाचा भाग आहे, तो पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता मर्यादा. १० चे १८ केले तरी तिथे तपशील १० चाच असतो. ३०० डीपीआयनं घेतलेल्या फोटोत त्या पट्टीत १६७ च्या आसपास डीपीआय उरतात. मोठं अक्षर तेवढ्यात वाचता येतं, पण बारीक निबेनं लिहिलेला ५ की ६ हा प्रश्न सुटेलच असं नाही. उतार पंचाहत्तर अंशांचा असेल तर ८० सुद्धा उरत नाहीत, आणि मग ताणलेली प्रतिमा रुंद दिसते एवढंच. अशा वेळी उपाय संगणकावर नसून टेबलावर असतो. वही पूर्ण उघडून काचेखाली दाबू नका, जुना कणा तडकतो. ती व्ही आकाराच्या पाळण्यात शंभर-एकशेवीस अंशांपर्यंतच उघडा आणि प्रत्येक पानाचा फोटो कॅमेरा त्या पानाला काटकोनात धरून स्वतंत्र घ्या. पाळणा नसेल तर उजव्या पानाच्या घळीसाठी कॅमेरा डाव्या पानाच्या बाजूला सरकवून आणखी एक फोटो घ्या. उतार तिथून जास्त समोरून दिसतो, फक्त डाव्या पानाचा फुगवटा आड येणार नाही इतपतच सरकवा.

क्रमही महत्त्वाचा आहे. मूळ रंगीत किंवा करड्या प्रतिमेवरच आधी पान सपाट करावं, मग सावली काढावी, आणि काळं-पांढरं करायचंच असेल तर ते सगळ्यात शेवटी. आधीच काळं-पांढरं केलं तर घळीतली सावली शाईत मिसळून जाते आणि नंतर ती वेगळी होत नाही.

काही वह्या नंतर कधीतरी बगलेतून टाके घालून बांधलेल्या असतात. तिथे अक्षरांवरूनच दोरा गेलेला असतो, आणि फोटोत जे आलंच नाही ते कोणत्याही वक्रानं बाहेर येत नाही. अशा पानाच्या नोंदीत ‘डावा रकाना शिवणीत, मजकूर अपुरा’ असं स्पष्ट लिहावं, सपाट केलेल्या प्रतीशेजारी मूळ फोटो न कापता ठेवावा, आणि ती वही टाके उसवून घेण्यासाठी जतन-तज्ज्ञाकडे जाणाऱ्या यादीत टाकावी.